मोरॅटोरियमनंतरचं गृहकर्जाचं स्टेटमेंट: ८४ हजार व्याज चढलं, परत आले १,४८४. हे बरोबर आहे का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यजमानांची अंबडची कंपनी बंद होती, त्यामुळे गृहकर्जाचे मार्च ते ऑगस्टचे सहाही हप्ते मोरॅटोरियममध्ये टाकले. आता हातात थोडे पैसे आलेत, ते कर्जात भरावेत असा विचार आहे. म्हणून बँकेकडून पहिल्यापासूनचं स्टेटमेंट मागवलं आणि ते बघून डोकं फिरलं.

आकडे देते. २९ फेब्रुवारी २०२० ला बाकी मुद्दल २०,००,००० (त्याच महिन्यात वरची रक्कम भरून आकडा मुद्दाम गोल केला होता). व्याज ८.४ टक्के, एमसीएलआरवालं, रिसेट ऑक्टोबरमध्ये, म्हणजे त्या सहा महिन्यांत दर बदललेला नाही. हप्ता १९,५७८, महिन्याच्या शेवटच्या तारखेला जातो. तेव्हा १८० हप्ते राहिले होते.

३१ ऑगस्ट २०२० ची बाकी दिसतेय २०,८६,८१०. माझ्या हिशेबाने महिन्याला ०.७ टक्के म्हणजे १४,००० आणि सहा महिन्यांचे ८४,०००. मग वरचे २,८१० कुठले? नोव्हेंबर २०२० मध्ये १,४८४ रुपये जमा झालेत. आणि राहिलेले हप्ते १८० चे १९७ झाले!

कोर्टाने व्याजावर व्याज घ्यायचं नाही असं सांगितलं होतं ना? मग हे ८४ हजार मुद्दलात मिळवून त्यावर इतकी वर्षं व्याज का घेतात? शाखेत विचारलं तर "सिस्टीम काढते, बरोबरच असतं" एवढंच उत्तर मिळालं.

सातपूर_सेकंडशिफ्ट
ताई, सरळ तक्रार करा. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की मोरॅटोरियममधल्या व्याजावर व्याज लावायचं नाही. बँकेने ते ८४ हजार वेगळे ठेवायला हवे होते. मुद्दलात मिळवले म्हणजे व्याजावर व्याज झालंच. पुढच्या सगळ्या वर्षांचं जास्तीचं व्याज परत मागा.

दिंडोरीचा_बागायतदार
आमच्या पीककर्जावर तर एक रुपया परत आला नाही. द्राक्षं बागेत सडली त्या वर्षी, गाडी निघत नव्हती. शहरातल्या घरांना पैसे आणि शेतकऱ्याला काही नाही, हा कुठला न्याय? कोणी सांगेल का अर्ज कुठे करायचा?

जुना_लोन_डेस्क
मी कर्जविभागात पुष्कळ वर्षं काढली, २०२० मध्ये ही कामं स्वतः केली आहेत. ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळी व्याजं एकत्र आली आहेत. सातपूरदादांच्या उत्तरातही तीच एकत्र आहेत.

पहिलं व्याज मोरॅटोरियम चालू असतानाचं. मार्चचं व्याज भरलं नाही, ते बाकीत चढलं. एप्रिलचं व्याज त्या वाढलेल्या बाकीवर लागलं. असं ऑगस्टपर्यंत. सरळ व्याज लावलं असतं तर ८४,०००. दरमहा चढवत गेलं तर ८५,४८४. फरक १,४८४. हाच तो "व्याजावरचं व्याज". २३ ऑक्टोबर २०२० ला केंद्र सरकारने योजना काढली आणि दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक कर्जांना हा फरक ५ नोव्हेंबरपर्यंत खात्यात जमा करायला सांगितला. तुमच्या खात्यात तो बरोबर आलाय.

दुसरं व्याज सप्टेंबर २०२० पासूनचं. साठलेले ८४ हजार मुद्दलात गेले आणि त्यांच्यावर कर्ज संपेपर्यंत व्याज चालू राहतं. हे कोर्टाने थांबवलेलं नाही. २३ मार्च २०२१ च्या निकालात कोर्टाने मोरॅटोरियमच्या काळापुरतं चक्रवाढ आणि दंडव्याज नको म्हटलं. पूर्ण व्याजमाफीची मागणी मात्र फेटाळली. रिझर्व्ह बँकेच्या २७ मार्च २०२० च्या परिपत्रकातच लिहिलं होतं की हप्ता पुढे ढकलला तरी व्याज चालूच राहील. तेव्हा टीव्हीवर "तीन महिने हप्ता नाही" एवढंच मोठ्या अक्षरात आलं, हे वाक्य लोकांपर्यंत पोचलंच नाही. काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला मी ते वाचून दाखवायचो. तरी निम्मे लोक सही करून जायचे, कारण घरात पगारच येत नव्हता.

सातपूर_सेकंडशिफ्ट
काका, तुमचा मान राखून सांगतो, मला पटत नाही. ८४ हजार हे व्याजच होतं. त्याचं नाव बदलून मुद्दल केलं म्हणून ते मुद्दल होतं का? कोर्टाने तत्त्व मान्य केलं, तर ते ऑगस्टला का संपावं?

जुना_लोन_डेस्क
दादा, तुमचा आक्षेप चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण निकाल तसा नाही. परताव्याची मुदत १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० एवढीच आहे. ताईंनी आज तक्रारीत "८४ हजार परत करा" लिहिलं तर बँक निकालाची प्रत जोडून अर्ज निकाली काढेल आणि खरी चूक असेल तर तीही त्याच्याखाली दबून जाईल.

पाथर्डीफाटा
आम्ही मोरॅटोरियम घेतलंच नव्हतं, सगळे हप्ते वेळेवर भरले, तरी खात्यात हजारभर रुपये आले होते. तेव्हा वाटलं बँकेची चूक आहे, आता काढून घेतील. 😄

जुना_लोन_डेस्क
चूक नव्हती. हप्ते भरणाऱ्यांनाही द्यायचे होते. २९ फेब्रुवारीच्या बाकीवर सहा महिन्यांचा फरक काढायचा आणि जमा करायचा, हप्ता भरला की नाही ते बघायचंच नाही.

बागायतदार, तुमचंही राहिलं. त्या योजनेत आठ प्रकारची कर्जं होती: लघुउद्योग, शिक्षण, घर, टिकाऊ वस्तू, क्रेडिट कार्ड, वाहन, व्यावसायिकांची वैयक्तिक कर्जं आणि उपभोग कर्जं. पीककर्ज आणि ट्रॅक्टरचं कर्ज त्यात नव्हतं. कोर्टाच्या निकालानंतर ७ एप्रिल २०२१ च्या परिपत्रकाने ते सगळ्या कर्जदारांना लागू झालं. पण पीककर्जाला दरमहा चक्रवाढ लावायचीच नसते, व्याज हंगामाला किंवा वर्षाला चढतं. त्यामुळे त्या सहा महिन्यांत फरक शून्यही निघू शकतो. तुमचा उतारा बघा: मार्च ते ऑगस्टमध्ये दर महिन्याला व्याज नावे पडलंय आणि पुढचं व्याज वाढलेल्या बाकीवर लागलंय, असं दिसलं तरच मागण्यासारखं काही आहे.

दिंडोरीचा_बागायतदार
उताऱ्यात व्याज एकदाच पडलंय, जूनअखेर. म्हणजे आमचं काही निघत नाही तर. बागेचं नुकसान कुठल्याच रकान्यात येत नाही, असो.

कॉलेजरोड_एक्सेल
गोदाकाठची ताई, २,८१० चं कोडं सुटेल असं वाटतं. बँक महिन्याला सपाट ०.७ टक्के लावत नाही, दिवस मोजते. मार्चचे ३१ दिवस, एप्रिलचे ३०. वर्ष ३६५ धरलं तर मार्चचं व्याज १४,००० नाही, १४,२६८ येतं. एक्सेलमध्ये तीन रकाने करा. बी मध्ये महिन्याच्या सुरुवातीची बाकी, सी मध्ये दर, डी मध्ये दिवस. मग व्याजाच्या रकान्यात:

```
=ROUND(B2*C2/100*D2/365,0)
```

पुढच्या ओळीची बाकी म्हणजे मागची बाकी अधिक हे व्याज. मी सहा ओळी करून बघितल्या, व्याज असं आलं:

मार्च १४,२६८
एप्रिल १३,९०७
मे १४,४७०
जून १४,१०३
जुलै १४,६७३
ऑगस्ट १४,७७८

एकूण ८६,१९९. म्हणजे ३१ ऑगस्टची बाकी २०,८६,१९९ यायला हवी. तुमची आहे २०,८६,८१०. अजून ६११ रुपयांचा फरक उरतो, आणि तो दिवस मोजण्यातून आलेला दिसत नाही. एका ओळीत रुपयाचा फरक पडेल, सहाशेचा पडणार नाही. तुमच्या स्टेटमेंटमधल्या सहाही व्याजाच्या ओळी इथे टाका.

अथर्वची_आई
माझं थोडं वेगळं आहे पण विषय तोच. मुलाचं शैक्षणिक कर्ज आहे. कोर्सची वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, असं सांगितलं होतं. आता हप्ते सुरू व्हायच्या आधी सगळं व्याज मुद्दलात मिळवणार म्हणतात. दर महिन्याला व्याज नावे पडतंय आणि बाकी वाढत चाललीय. आमचेही थोडे परत येतील का?

जुना_लोन_डेस्क
तुमचं मोरॅटोरियम हे कोविडचं नाही, ते शैक्षणिक कर्जात पहिल्यापासूनच असतं. बँका सहसा इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे हे कर्ज देतात, आणि तिच्यात शिकत असताना आणि हप्ते सुरू होईपर्यंत सरळ व्याज लावायचं असतं. हप्ते सुरू होताना ते एकदाच मुद्दलात मिळवून हप्ता ठरवतात.

बाकी वाढताना दिसली म्हणून घाबरू नका. शेवटची रक्कम उचलल्यानंतरचे, ३१ दिवसांचे दोन महिने शोधा, मधे दर बदललेला नसावा. दोन्ही महिन्यांचं व्याज सारखं असेल तर सरळ व्याज लागतंय. नंतरच्या महिन्याचं जास्त असेल तर चक्रवाढ लावलीय. मग कर्जमंजुरीचं पत्र घेऊन शाखेत जा, त्यात काय लिहिलंय तेच धरतात.

अथर्वची_आई
ऑगस्ट आणि ऑक्टोबर बघितले, दोन्ही सारखे आहेत. जीव भांड्यात पडला. धन्यवाद काका.

गोदाकाठची
एक्सेलदादा, स्टेटमेंट समोर ठेवून लिहिते. मार्चचं व्याज १४,२६८, तुमच्यासारखंच. पण एप्रिलपासून प्रत्येक महिन्यात तुमच्यापेक्षा चारएक रुपये जास्त आहेत. आणि ३१ मार्च २०२० लाच व्याजाच्या खाली अजून एक ओळ आहे, ती मी आधी व्याजाचाच भाग समजत होते: `NACH RTN CHG 590.00`.

कॉलेजरोड_एक्सेल
सापडलं! ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ५९०. हप्ता परत गेल्याचा दंड. तो कर्जखात्यातच नावे टाकला, म्हणजे बाकीत चढला. त्यावर एप्रिल ते ऑगस्ट व्याज होतं साधारण २१ रुपये. ५९० अधिक २१ म्हणजे ६११. रुपया ना रुपया जुळला.

जुना_लोन_डेस्क
हे तेव्हा खूप खात्यांत झालं. घोषणा २७ मार्चला, शुक्रवारी झाली. महिनाअखेरच्या हप्त्यांच्या वसुलीच्या फाइली आधीच पुढे गेल्या होत्या. ग्राहकाने अर्ज केला, बँकेने मान्यही केला, तरी ३१ तारखेला हप्ता मागितला गेला, बचत खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला आणि दंड पडला. ताई, मोरॅटोरियम मंजूर झाल्याचा मेसेज किंवा मेल आहे का, आणि त्याची तारीख काय?

गोदाकाठची
मेल सापडला, ३० मार्च २०२० चा. "मार्चच्या हप्त्यापासून लागू" असं स्पष्ट आहे.

सातपूर_सेकंडशिफ्ट
बघा, म्हणजे बँकेची चूक निघालीच ना! आणि हा दंड तर कोर्टाच्या निकालातच बसतो. मोरॅटोरियममध्ये दंड घ्यायचा नाही.

जुना_लोन_डेस्क
निकाल दंडव्याजाबद्दल आहे. ही हप्ता परत गेल्याची फी आहे, ती त्यात बसते की नाही यावर बँक वाद घालेल. त्यापेक्षा मेलवर बोट ठेवा. ३० मार्चला बँकेने स्वतः मान्य केलं की मार्चचा हप्ता द्यायचा नाही, मग ३१ ला तो मागितलाच कसा? इथे वादाला जागाच कमी आहे.

सातपूर_सेकंडशिफ्ट
मी असतो तर दोन्ही लिहिलं असतं.

आडगाव_नाका
एक शंका. दिवस मोजून सरळ व्याज काढलं तर १८४ दिवसांचे ८४,६९० येतात. बँकेने चढवले ८६,१९९. फरक १,५०९. मग परत १,४८४ च का? २५ रुपये कमी नाहीत का आले?

कॉलेजरोड_एक्सेल
१,४८४ हा सहा सारखे महिने धरून येतो, दिवस मोजून १,५०९. कर्जावर व्याज एका पद्धतीने आणि परतावा दुसऱ्या पद्धतीने काढला असं दिसतंय. माझ्या मते दोन्हीकडे एकच पद्धत हवी होती.

जुना_लोन_डेस्क
आमच्याकडे तो आकडा मुख्य कार्यालयातून तयार यायचा. २५ रुपयांसाठी भांडायचं की नाही ते ताईंनी ठरवावं.

गोदाकाठची
२५ रुपये सोडले. पण सहा हप्त्यांचे सतरा हप्ते कसे झाले, ते अजून मनात बसत नाही.

कॉलेजरोड_एक्सेल
तुमच्या १९,५७८ च्या हप्त्यात सुरुवातीला १४,००० व्याज जात होतं आणि मुद्दल फक्त ५,५७८ कमी होत होतं. ऑगस्टनंतर व्याजच १४,६०० च्या आसपास गेलं, म्हणजे मुद्दलात पाच हजारसुद्धा जेमतेम जायला लागले. हप्ता तोच ठेवला, म्हणून सगळा भार मुदतीवर गेला. एक्सेलमध्ये:

```
=NPER(8.4/12/100,-19578,2086810)
```

उत्तर १९६.५ येतं, म्हणजे १९७ हप्ते, शेवटचा अर्धा. बँकेचा आकडा बरोबर आहे. दर हाच राहिला असता तर सुमारे सव्वातीन लाख जास्त गेले असते. ती खरी किंमत.

१९७ च्या जागी १८० च ठेवायचे असते तर हप्ता साधारण २०,४२५ झाला असता, साडेआठशेने जास्त. तेव्हा कोणी हा पर्याय विचारला होता का?

गोदाकाठची
कोणीही नाही. मेसेज आला की मुदत वाढवली आहे.

सिडको_त्रिमूर्ती
माझंही कर्ज मोरॅटोरियमवालं आहे. मुदत वाढत वाढत माझ्या वयाच्या ६७ पर्यंत गेली आहे! सहा महिन्यांच्या सवलतीचे आठ वर्षं हप्ते? ही लूट आहे.

जुना_लोन_डेस्क
तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं आहे का? असेल तर सगळा दोष मोरॅटोरियमचा नाही. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ पासून वाढत तो फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० झाला. अडीच टक्के दर वाढला आणि हप्ता तोच ठेवला तर मुदत कित्येक वर्षांनी लांबते. स्टेटमेंटमध्ये दोन तारखांना राहिलेले हप्ते किती ते बघा: सप्टेंबर २०२० आणि एप्रिल २०२२. तोपर्यंतची वाढ मोरॅटोरियमची, नंतरची दराची.

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे ग्राहकाला विचारायला हवं. आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, किती हप्ते राहिले, दर काय, हे दर तिमाहीला कळवायला हवं. ते मागून घ्या.

सिडको_त्रिमूर्ती
बघितलं. सप्टेंबर २०२० ला १९ हप्ते वाढले होते. बाकी सगळे २०२२ नंतरचे. तरी मला कोणी विचारलं नव्हतं.

गोदाकाठची
शाखेत जाऊन आले. ५९० ची ओळ, मेलची प्रत आणि सहा महिन्यांचा हिशेब असा एक कागद दिला, पोच घेतली. यावेळी "सिस्टीम" हा शब्द निघाला नाही. साहेब म्हणाले, ५९० आजच्या तारखेला जमा करतो, विषय संपवा. घ्यावं का?

जुना_लोन_डेस्क
आजच्या तारखेला नको. ३१ मार्च २०२० च्या तारखेने उलटी नोंद मागा. तेव्हापासून त्या ५९० वर व्याज चढतंय, जुन्या तारखेने नोंद झाली तरच ते निघेल. लेखी मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याची पोच मात्र लागते, ती तुमच्याकडे आहे.

आणि हातातले पैसे भराल तेव्हा "हप्ता तोच, मुदत कमी" असं अर्जावर लिहून द्या. नाहीतर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात, आणि मोरॅटोरियमने वाढवलेली मुदत तशीच राहते.

गोदाकाठची
जुन्या तारखेचं लेखी दिलं. साहेब म्हणाले वरून परवानगी लागेल. उत्तर आलं की कळवते. पैसे पुढच्या आठवड्यात भरणार आहोत, मुदत कमी करूनच.

पेठरोड
माझं कर्ज पतसंस्थेचं आहे, तिथेही तेव्हा सहा महिने थांबले होते. हेच सगळं लागू होईल का?

जुना_लोन_डेस्क
नाही. ते परिपत्रक बँका, सहकारी बँका, वित्त आणि गृहवित्त कंपन्यांना होतं. पतसंस्था सहकार खात्याखाली येते. संचालक मंडळाने तेव्हा काय ठराव केला त्याची प्रत मागा आणि ठरावात व्याजाबद्दल काय लिहिलंय ते इथे टाका, मग बघू.